सोमवारी आजारी, बुधवारी डॉक्टर, गुरुवारी साहेबांचा मेसेज

ताई, मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. पगार १८,४००. अखाजीला रविवारी धरणगाव तालुक्यात गावी गेलो. रात्रीपासून जुलाब-उलट्या. सोमवारी सकाळी ७.२५ ला सुपरवायझरला मेसेज टाकला, मंगळवारी काहीच कळवलं नाही. घरीच ओआरएस पीत होतो. मंगळवारी संध्याकाळी बरं वाटलं म्हणून तासभर पारावर पत्त्यांना बसलो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. रात्री परत सुरू झालं, ताप भरला. बुधवारी धरणगावला डॉक्टरांनी सलाईन लावली, तिथूनच सुपरवायझरला फोन केला. गुरुवारी कामावर गेलो तर संध्याकाळी मॅनेजर साहेबांचा मेसेज : ‘तीन दिवसांचं मेडिकल सर्टिफिकेट शनिवारपर्यंत पाहिजे. सोमवारी झोक्याजवळ फोटोत दिसतो आणि म्हणे आजारी. प्रूफ नसेल तर तीन दिवस गैरहजर आणि मेमो.’ तो फोटो रविवारचा, मेहुण्याने सोमवारी टाकला. मित्र म्हणतो, ३०० रुपयांत सोमवारपासूनची तारीख टाकून सर्टिफिकेट मिळतं. राग येतोय आणि भीतीही वाटतेय. काय उत्तर देऊ?
— डिस्पॅचवाला, जळगाव

भाऊ, तुमची मुदत शनिवारची, म्हणून हे उत्तर सदरात छापून येण्याआधीच तुम्हाला पाठवलं आहे. छापतेय ते इतरांसाठी, कारण दर वर्षी अखाजी आणि दिवाळी झाली की अशी तीन-चार पत्रं येतातच.

आधी ते ३०० रुपयांचं सर्टिफिकेट. मी सव्वीस वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. हजेरी, रजा, मेमो, चौकशी हेच काम. एका कारखान्यात (नाव नको) माझ्या टेबलावर एकाच डॉक्टरच्या पॅडवरची दोन सर्टिफिकेटं आली. एकाचा नंबर मोठा आणि तारीख तीनची, दुसऱ्याचा नंबर लहान आणि तारीख नऊची. डॉक्टरांनी सर्टिफिकेटं ओळीने दिली असती तर मोठ्या नंबरावर नंतरची तारीख यायला हवी. इथे उलटं होतं, म्हणजे मोठ्या नंबराचा कागद मागाहून फाडून मागची तारीख टाकलेली. मला काही हेरगिरी करावी लागली नाही, दोन कागद शेजारी ठेवले एवढंच. त्या मुलाची आई खरोखर दवाखान्यात होती आणि तो तिच्या उशाशी बसला होता. तसं सांगितलं असतं तर दोन दिवसांचा पगार गेला असता. खोट्या कागदामुळे नोकरी गेली.

हे कडक वाटेल, पण त्यामागचा हिशोब समजून घ्या. आपल्या राज्यातल्या कारखान्यांसाठीच्या नमुना स्थायी आदेशांत वर्षानुवर्षं दोन वेगळी कलमं राहिली आहेत. न सांगता गैरहजर राहणं गैरवर्तन धरायचं तर ते वारंवार तरी हवं, किंवा सलग दहा दिवसांहून जास्त तरी. मालकाच्या कामाशी संबंधित फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा मात्र एकदाच घडला तरी पुरतो. तुमचा आजचा सगळा वाद पहिल्या कलमाच्या उंबरठ्यावरसुद्धा पोहोचत नाही. मागच्या तारखेचा कागद दिला की तुम्ही आपल्या पायांनी दुसऱ्या कलमात जाऊन बसता. आणि पकडलं जाणं अवघड नसतं. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये करायची असते, प्रत ठेवायची असते आणि आपला नोंदणी क्रमांक त्यावर लिहायचा असतो. साहेबांनी फोन करून ‘अमुक तारखेला अमुक नंबरचं सर्टिफिकेट तुमच्याकडून गेलं का?’ एवढंच विचारलं तरी पुरे. शिवाय तुमचं तर खरंच बुधवारचं कागदपत्र आहे. सोमवारचा खोटा कागद त्याच्या शेजारी ठेवलात तर बुधवारच्या खऱ्या सलाईनवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता राग. साहेबांचा मेसेज पुन्हा वाचा. त्यात दोन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. एक प्रश्न : तीन दिवस कुठे होतास, पुरावा दे. एक आरोप : झोक्याजवळ मजा मारत होतास. प्रश्न रास्त आहे, आणि हे मी साहेबांची बाजू घेऊन म्हणत नाही. आपल्याकडे अखाजी म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक आहे. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, आमरस, आणि गावोगाव पारावर पत्ते. त्याला लागून तीन दिवसांची दांडी पडली की कुणाच्याही मनात पाल चुकचुकते. त्यात डिस्पॅचचा माणूस नाही म्हणजे गाडी भरायची अडते, वाहतूकवाला फोन करून डोकं खातो, हेही त्यांच्याच अंगावर आलेलं असणार. म्हणून उत्तर प्रश्नाला द्यायचं, आरोपाला नाही. ‘तुम्ही माझ्यावर संशय घेता’ हे वाक्य लिहू नका. ते लिहिलं की चर्चा तुमच्या पोटावरून त्यांच्या स्वभावावर जाते, आणि त्या चर्चेत तुम्ही जिंकणार नाही.

गुरुवारी रात्रीच उत्तर टाइप केलं असेल तर पुसून टाका. मुदत शनिवारची आहे. शुक्रवारचा दिवस कागद गोळा करण्यात घालवा.

पहिलं काम, बुधवारच्या डॉक्टरांकडे परत जा किंवा भावाला पाठवा. केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी तुमच्याकडे असेल. सर्टिफिकेट मागताना मात्र ‘तीन दिवसांचं द्या’ असं म्हणू नका. सर्टिफिकेटमध्ये तारखा तीन असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, डॉक्टरांनी तपासलं ती तारीख. दुसरी, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती लागली ती. तिसरी, कागद दिला ती. तुमच्या बाबतीत तपासलं बुधवारी, कागद मिळणार शुक्रवारी. डॉक्टरांना सांगा, दोन्ही तारखा जशा आहेत तशाच घाला. बुधवारचा कागद शुक्रवारी दिला म्हणून तो खोटा ठरत नाही, शुक्रवारी देऊन त्यावर सोमवारची तारीख घातली तर ठरतो.

सोमवार-मंगळवारचं काय? इथे डॉक्टरांना एक खरं वाक्य लिहिता येतं, आणि पुष्कळांना ते मागायचं सुचत नाही. ‘रुग्णाने दिलेल्या माहितीनुसार रविवार रात्रीपासून जुलाब व उलट्या. बुधवारी तपासणीत ताप आणि शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आढळली.’ पहिलं वाक्य तुमचं सांगणं आहे, दुसरं डॉक्टरांनी स्वतः पाहिलेलं. बुधवारी तपासताना ‘कधीपासून होतंय?’ हे त्यांनी विचारलंच असेल आणि केसपेपरवर तसं लिहिलंही असेल. तेव्हा नोकरीचा विषय निघालेला नव्हता, म्हणून बुधवारच्या हाताने लिहिलेली ती ओळ शुक्रवारच्या कागदापेक्षा जास्त वजनाची आहे. ती आहे का, हे आधी बघा. एखादे डॉक्टर मागच्या दोन दिवसांबद्दल काहीच लिहायला नकार देतील. तो त्यांचा अधिकार आहे, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

दुसरं, सोमवारी ओआरएस कुणी आणलं? भावाने आणलं असेल आणि मेडिकलवाल्याला यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याच्या मोबाइलमध्ये दुकानाचं नाव, दिवस, वेळ, रक्कम सगळं आहे. स्क्रीनशॉट घ्या, पण त्याला त्याच्या लायकीएवढंच वजन द्या. सोमवारी सकाळी कुणीतरी मेडिकलमध्ये ऐंशी-नव्वद रुपये दिले, एवढंच त्याने दिसतं. ओआरएस कोण प्यालं ते दिसत नाही. रोख दिले असतील तर सोडून द्या. मेडिकलवाल्याकडून आज बिल करून घेऊन त्यावर सोमवारची तारीख घालणं म्हणजे तेच ३०० रुपयांचं सर्टिफिकेट, फक्त स्वस्तात.

तिसरा तो फोटो. तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रतीत फोटो काढल्याची मूळ नोंद राहत नाही, त्यामुळे ती दाखवून काही सिद्ध होणार नाही. मेहुण्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो उघडून त्याचे तपशील बघितले की काढल्याचा दिवस आणि वेळ दिसते. त्या तपशिलाचा स्क्रीनशॉट मागवून ठेवा. तो आपणहून पुढे करायची गरज नाही, उत्तरात एक ओळ पुरे.

आता पारावरचा तास. तुम्ही मला सांगितलंत म्हणून मला तुमचं पत्र खरं वाटलं, आणि म्हणूनच तो उत्तरात लपवू नये असं माझं मत आहे. काही वाचक म्हणतील, साहेबांनी विचारलं नाही तर कशाला सांगायचं? मी त्याचा विचार केला. तुमच्या गावची किंवा शेजारच्या गावची पोरं त्याच एमआयडीसीत नाहीत असं होणार नाही. ‘अखाजी जोरमा व्हयनी वाटस’ असं कुणीतरी मशीनवर हसत म्हणेल आणि ते साहेबांच्या कानावर जाईल. त्या वेळी तुमच्या लेखी उत्तरात ‘तीन दिवस अंथरुणाला खिळून होतो’ असं असेल तर तेवढ्या एका वाक्यावर बाकीचं सगळं पडेल. जुलाब दुपारनंतर थांबले, संध्याकाळी माणूस बाहेर येऊन बसला, रात्री परत सुरू झाले, असं या आजारात होतंच. अर्धवट बरं वाटलेला माणूस आजारी नव्हता असा त्याचा अर्थ नाही. पत्ते हा शब्द मात्र घालायची गरज नाही, साहेबांनी विचारलं तर सरळ ‘हो, पत्ते खेळत होतो’ म्हणायचं.

आणि मंगळवारी कळवलं नाहीत, ही तुमची खरी चूक. ती त्यांनी दाखवायच्या आधी तुम्ही लिहा. ‘मोबाइलला रेंज नव्हती’ वगैरे नको.

मेसेजला मेसेजनेच उत्तर द्या, म्हणजे दोन्ही बाजू लेखी राहतील. पण शक्य असेल तर शनिवारी सकाळी कागद घेऊन आधी केबिनमध्ये जा, कागद हातात द्या, दोन मिनिटं बोला आणि बाहेर आल्यावर हे पाठवा :

‘साहेब, नमस्कार. रविवारी रात्रीपासून मला जुलाब-उलट्या होत होत्या. सोमवारी सकाळी ७.२५ ला सुपरवायझरना मेसेज केला होता. सोमवारी आणि मंगळवारी मी डॉक्टरकडे गेलो नाही, घरीच ओआरएस घेतलं, त्यामुळे त्या दोन दिवसांच्या तपासणीचा कागद माझ्याकडे नाही. मंगळवारी दुपारनंतर थोडं बरं होतं, संध्याकाळी तासभर घराबाहेर बसलो होतो. रात्री पुन्हा त्रास आणि ताप, म्हणून बुधवारी धरणगावला डॉक्टरांना दाखवलं आणि तिथून सुपरवायझरना फोन केला. बुधवारचा केसपेपर, औषधाचं बिल आणि सर्टिफिकेट दिलं आहे. आपण पाहिलेला फोटो रविवारचा आहे, ज्या मोबाइलवर काढला त्यातली तारीख दाखवू शकतो. मंगळवारी कळवायला हवं होतं, ती माझी चूक झाली. बुधवार आजारपणाचा धरावा आणि सोमवार-मंगळवार माझ्या शिल्लक हक्काच्या रजेतून वळते करावेत, ही विनंती.’

यात एकही विशेषण नाही, बघा. ‘खूप’, ‘प्रचंड’, ‘अगदी मरणाच्या दारात’ काही नाही. देवाची, आईची शपथही नाही. टेबलाच्या पलीकडे बसून मी शेकडो अर्ज वाचले, शपथ दिसली की मी तो अर्ज दोनदा वाचायची.

शेवटच्या विनंतीबद्दल थोडं सांगते, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे. ‘आजारी रजा’ म्हणून वेगळी पगारी रजा कारखान्याच्या कायद्याने दिलेली नाही. कंपनीने आपल्या नियमांत दिली असेल तर मिळते. कायद्याने मिळते ती काम केलेल्या दर २० दिवसांमागे १ दिवस अशी हक्काची रजा. तुमच्या खात्यावर ती शिल्लक असेल तर दोन दिवस त्यातून जाऊ शकतात. शिल्लक नसेल, किंवा साहेबांनी ऐकलंच नाही, तर ते दोन दिवस बिनपगारी जातील. १८,४०० ला २६ ने भागलं तर दिवसाचे साधारण ७०८ रुपये, म्हणजे सुमारे १,४१५ रुपयांचा फटका. तो बसू शकतो, हे आधीच मनाशी धरा. कागद नसलेल्या दिवसांसाठी भांडायला तुमच्याकडे फारसं काही नाही. पण ‘बिनपगारी रजा’ आणि ‘गैरहजर’ यांत फरक आहे आणि तिथे मात्र अडून बसा. पैसे दोन्हीकडे सारखेच जातात, पण मस्टरवर गैरहजरचा शेरा राहिला की पुढच्या वेळी तोच शेरा ‘वारंवार’ या शब्दाला आधार होतो. ‘साहेब, पगार कापला तरी चालेल, पण रजा म्हणून नोंदवा’ असं म्हटलं की बहुतेक साहेब मऊ होतात, कारण त्यांचाही मान राहतो.

साहेब डॉक्टरांचा नंबर मागतील. द्या, तो केसपेपरवर छापलेलाच असतो. सर्टिफिकेट आमचं आहे, एवढं डॉक्टर सांगू शकतात, तुमच्या आजाराचा तपशील तुमच्या संमतीशिवाय त्यांनी सांगायचा नसतो. तुमच्या बाबतीत लपवण्यासारखं काही नाही, पण वाचकांपैकी कुणाला मूळव्याध असेल, कुणाचा गर्भपात झाला असेल, कुणाच्या मनाच्या आजाराची गोळी चालू असेल. अशांनी ‘कामावर येण्यास असमर्थ’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट मागावं, आणि कुणी जास्त विचारलं तर ‘तब्येतीचं खासगी कारण आहे, डॉक्टरांचा कागद दिला आहे’ एवढं म्हणून थांबावं. खासगी ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याच आजाराचं नाव सांगणं वेगळं.

‘आता कंपनीच्या डॉक्टरकडून तपासून ये’ असं कदाचित सांगतील. जा, नाही म्हणू नका. पण तिथे पोट धरून कण्हू नका. शनिवारी तुम्ही बरे असाल, तर डॉक्टर बरे आहात असंच लिहील, आणि त्याने सोमवारचं काहीच खोटं ठरत नाही.

मेमो आलाच तर घ्यायला नकार देऊ नका. घेतल्याच्या सहीखाली तारीख टाका. उत्तराची मुदत त्यात लिहिलेली असते, त्या आत वरचाच मजकूर कागदावर लिहा, मेमोचा क्रमांक घाला, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का किंवा सही घ्या. वेगळं, जास्त रंगवून काही लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एक आणि कागदावर दुसरं असं झालं की चौकशीत तेवढंच धरून बसतात.

एक गोष्ट तुमच्या पगारपत्रकाबद्दल. त्यात दरमहा १३८ रुपये ईएसआयसाठी कापलेले दिसतात का बघा. पगाराच्या ०.७५ टक्के, मर्यादा महिना २१,०००, म्हणजे तुम्ही त्यात बसता. कापत असतील तर पुढच्या आजारपणात पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या. अशा कागदावर साहेबांना शंका घ्यायला फार कमी जागा राहते, आणि आजार लांबला तर अटी पूर्ण असल्यास सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ताही तिथून मिळतो. पहिले दोन दिवस सहसा भत्त्यात धरत नाहीत, त्यामुळे तीन दिवसांच्या जुलाबात हाती फार लागणार नाही. कागद मात्र तीनही दिवसांचा झाला असता.

जुन्या काळी आमच्या घरी सालदार होता. साल अखाजीला बदलायचं. तो खाटेवर पडला की वडील संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचे. विचारपूसही व्हायची आणि खाडा खरा की खोटा तेही कळायचं. त्याला त्याचा राग आलेला मी कधी पाहिला नाही. तुमच्या साहेबांना धरणगाव तालुक्यात येऊन बघणं शक्य नाही, म्हणून ते कागद मागतात.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना बुधवारचा केसपेपर घेऊन जा, आणि निघण्याआधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. खिशात घडी पडली की नेमकी तारखेची ओळ आधी फाटते.